फोटोच्या पाठीवरचा मजकूर

(मंडळाच्या सभासद मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



घरगुती आरास स्पर्धेचे फोटो यंदा मंडळाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना पाहता येतील असे ठेवायचे, असं कार्यकारिणीनं ठरवलं. फोटो गोळा करणं, निवडणं आणि वर चढवणं हे काम आम्हा दोघांकडे आलं. ते सुरू करण्याआधी आपल्यापुढं थोडं बोलायची परवानगी आम्हीच मागून घेतली.

आराशीचा फोटो म्हणजे आपल्या बैठकीच्या खोलीचा फोटो. त्यात महालक्ष्म्यांचा असेल तर विचारायलाच नको. आपल्यापैकी पुष्कळ घरं मूळची मराठवाड्यातली. महालक्ष्म्या उभ्या राहिल्या की ठुशी, मोहनमाळ, पाटल्या, तोडे, असं एरवी लॉकरात असणारं सगळं त्या तीन दिवसांत त्यांच्या अंगावर असतं, आणि ते सगळं एका चौकटीत मावतं. फोटोखाली आम्ही फक्त कुटुंबाचं आडनाव छापणार आहोत, पत्ता नाही. पण फोटोच्या फाईलमध्ये तो पत्ता आधीच लिहिलेला असू शकतो, आणि तो कुणी हातानं लिहिलेला नसतो.

जुन्या फोटोंच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं, ‘चि. अमुकची मुंज, औरंगाबाद, वैशाख’. खाली स्टुडिओचा शिक्का. मोबाइल तेच काम करतो, फक्त न विचारता करतो. फोटोच्या फाईलच्या सुरुवातीलाच काही किलोबाइटांचा मजकूर असतो. तीन-चार मेगाबाइटांच्या फाईलमध्ये तो कुणाच्या लक्षातही येत नाही. या मजकुराच्या पद्धतीला ‘एक्झिफ’ म्हणतात. डिजिटल कॅमेरे नवे होते तेव्हा, १९९५ च्या सुमारास, जपानी कंपन्यांच्या संघटनेनं ती ठरवली. त्या वेळी हेतू साधा होता: फोटो कोणत्या कॅमेऱ्यानं, किती उजेडात, किती वाजता घेतला हे छायाचित्रकाराला नंतर पाहता यावं. जागेची नोंदही त्यात करता येई, पण कॅमेऱ्यालाच आपली जागा माहीत नसायची. मोबाइलला ती माहीत असते, म्हणून तो रकाना भरू लागला.

नमुना म्हणून आम्ही कुणाच्या घरचा फोटो घेतलेला नाही. सिकंदराबाद स्टेशनच्या आवारात उभं राहून एक फोटो काढला आणि तो संगणकावर उघडून त्याच्या पाठीवरचं वाचलं. जे दिसलं त्यातल्या कामाच्या ओळी अशा:

```
Make              : Apple
LensModel         : iPhone 13 back dual wide camera
DateTimeOriginal  : 18:40:12
GPSTimeStamp      : 13:10:12
GPSLatitude       : 17 deg 26' 1.30" N
GPSLongitude      : 78 deg 30' 5.80" E
```

या आकड्यांचा अर्थ लावून पाहू. अक्षांश १७ अंश, २६ मिनिटं, १.३ सेकंद. मिनिटांना ६० नं आणि सेकंदांना ३६०० नं भागून अंशांत मिळवलं की १७.४३३६९ येतात. रेखांशाचे तसेच ७८.५०१६१. हे दोन आकडे मध्ये स्वल्पविराम देऊन नकाशाच्या शोधपट्टीत टाकले की खूण स्टेशनवर येऊन बसते. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, एक मिनिट म्हणजे दोन किलोमीटरांहून थोडं कमी, आणि एक सेकंद म्हणजे जेमतेम ३१ मीटर. फाईलमध्ये तर सेकंदाचा शंभरावा भाग लिहिलेला आहे, म्हणजे साधारण एक फूट. इतकी अचूकता खरी नसते. मोकळ्या आभाळाखाली मोबाइल साधारण पाच-दहा मीटरांनी चुकतो आणि घरात याहून जास्त. पण घरात असतानाही तो आजूबाजूच्या वायफायवरून अंदाज बांधतो, त्यामुळं ‘आत होतो, उपग्रह दिसला नसेल’ या भरवशावर राहता येत नाही.

जाता जाता एक सांगतो. भारताच्या मोजणीचं काम सुरू करणारा विल्यम लँब्टन याच हैदराबादहून नागपूरकडे जाताना १८२३ साली आपल्या हिंगणघाटला वारला. एका ठिकाणाचा अक्षांश नक्की करायला त्याला रात्रीमागून रात्री ताऱ्यांकडे दुर्बीण लावून बसावं लागे. आपण मोदकाचा फोटो काढतो तेव्हा ते काम आपोआप होऊन जातं.

पाच-दहा मीटरांची चूक कुणाच्या फायद्याची, हे घरावर अवलंबून आहे. दहा मजली इमारतीत राहणाऱ्यांचा मजला आणि दार या आकड्यांवरून सहसा कळत नाही. उंचीचा आकडाही कधी कधी असतो, पण तो फारसा विश्वासाचा नसतो. मारेडपल्लीत ज्यांचा स्वतंत्र बंगला आहे, त्यांचं मात्र फाटक कळतं.

वेळेचे दोन आकडे वेगळे का, असं तुम्ही विचाराल. पहिला घड्याळातला, संध्याकाळचे सहा चाळीस. दुसरा उपग्रहाकडून आलेला, तो ग्रीनिचच्या वेळेनुसार असतो आणि आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. कुणी मोबाइलचं घड्याळ मुद्दाम चुकीचं लावलं तरी दुसरा आकडा बरोबर राहू शकतो. कॅमेऱ्याच्या ओळीत तर मागचा की पुढचा, हेही लिहिलेलं आहे, म्हणजे फोटो दुसऱ्यानं काढला की स्वतःच काढला याचाही अंदाज येतो.

आता हे सगळं कुणी खरंच वाचतं का? जगभर गाजलेलं एक उदाहरण आहे. संगणकातले विषाणू पकडणाऱ्या ‘मॅकॅफी’ या सॉफ्टवेअरचं नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. ते ज्याच्या नावाचं, तो जॉन मॅकॅफी २०१२ साली मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशात राहत होता. शेजाऱ्याच्या खुनाच्या तपासात तिथल्या पोलिसांना त्याची चौकशी करायची होती, आणि तो पळाला. ‘व्हाइस’ नावाच्या मासिकाचे दोघे त्याच्याबरोबर होते. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांनी मोठ्या ऐटीत जाहीर केलं की आम्ही त्याच्यासोबत आहोत, आणि खाली एक फोटो दिला. फोटोत झाडी आणि दोन माणसं, दुसरं काही ओळखण्यासारखं नव्हतं. पण फाईल जशीच्या तशी चढवली होती. वाचकांपैकी कुणीतरी ती उतरवून घेतली, पाठीवरचं वाचलं आणि थोड्याच वेळात जगाला कळलं की तो शेजारच्या ग्वाटेमालात रिओ दुल्से नदीच्या काठी आहे. मॅकॅफीनं आधी सांगितलं की आकडे मीच बदलून ठेवले होते. नंतर कबूल केलं की ते खरेच होते. दोन-तीन दिवसांत ग्वाटेमालाच्या पोलिसांनी त्याला पकडलं. सुरक्षेच्या सॉफ्टवेअरवर ज्यानं संपत्ती मिळवली, त्याची ही गोष्ट. ज्यांनी फोटो टाकला त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे लक्षात ठेवा. आम्हीही मंडळाचे फोटो चांगल्याच हेतूनं टाकणार आहोत.

हे ऐकून कुलकर्णीकाकू मघाशी आम्हाला म्हणाल्या, ‘‘आम्ही तर सगळे फोटो व्हॉट्सॲपवरच पाठवतो. मग आजवर सगळ्यांना आमचं घर कळलं असेल की!’’ काकू, बहुतेक नाही. फाईल कोणत्या वाटेनं गेली यावर सगळं आहे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ते फोटो आवळून लहान करतं आणि त्यात पाठीवरचा मजकूर गळून पडतो. फेसबुक, इन्स्टाग्रामवर टाकलेला फोटो दुसऱ्यानं उतरवून घेतला तरी त्याला जागा मिळत नाही. ती त्या कंपनीला मात्र चढवताना मिळालेली असते, तो वेगळा विषय. याउलट ई-मेलला जोडलेला फोटो, गूगल ड्राइव्हवर ठेवून पाठवलेली लिंक, पेन ड्राइव्ह आणि व्हॉट्सॲपवरच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेली फाईल, या सगळ्या वाटांनी मूळ फाईल जशीच्या तशी जाते.

खरी अडचण इथंच आहे. स्मरणिका छापायची तर फोटो मोठा लागतो. व्हॉट्सॲपनं आवळलेला फोटो पानभर छापला की मखराची फुलं भरडल्यासारखी दिसतात. म्हणून प्रत्येक मंडळाची छपाई समिती सभासदांना सांगते, ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा, क्वालिटी जाते.’ छपाईच्या दृष्टीनं ते योग्यच आहे, आणि कागदावर छापलेल्या फोटोला पाठ नसते. पण तीच चांगली फाईल, आहेच हाताशी म्हणून, संकेतस्थळावर चढवली की जगातल्या कुणालाही ती उतरवून घेता येते. अनेक ठिकाणी फोटो चढवणारी व्यवस्था जागा काढत नाही. ती फक्त फाईल ठेवून देते.

म्हणून आम्ही ठरवलंय ते असं. तुम्ही छपाईसाठी फोटो डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. संकेतस्थळावर जाणारी प्रत आम्ही वेगळी करू, ती साफ करू, आणि चढवल्यावर पुन्हा उतरवून तपासू. मोबाइलमधली जागेची नोंद कायमची बंद करा, असं आम्ही सांगणार नाही, जरी ते सोपं आहे. आयफोनमध्ये लोकेशन सर्व्हिसेसच्या यादीत कॅमेऱ्यापुढं Never निवडायचं, आणि अँड्रॉइडमध्ये कॅमेऱ्याच्याच सेटिंगमध्ये जागेचं बटण असतं. पण दहा वर्षांनी ‘हा फोटो पंढरपूरचा की तुळजापूरचा’ असा वाद पडला की तीच नोंद उपयोगी येते. घरच्या अल्बममध्ये राहू द्या. घराबाहेर जाणाऱ्या प्रतीतून काढा.

ज्यांना स्वतःच काढून पाठवायची असेल त्यांच्यासाठी. आयफोनवर फोटो निवडून शेअरचं बटण दाबलं की वर लहान अक्षरांत Options दिसतं, त्यात Location बंद करायचं. यानं फक्त जागा जाते. वेळ आणि मोबाइलचं मॉडेल राहतात, आणि आराशीच्या फोटोला ते चालण्यासारखं आहे. विंडोजच्या संगणकावर फाईलवर उजवं बटण दाबून Properties, मग Details, आणि तिथं अगदी तळाशी Remove Properties and Personal Information. त्यात साफ केलेली नवी प्रत करून घेण्याचा पर्याय निवडा, म्हणजे मूळ फोटो सुरक्षित राहतो. स्क्रीनशॉट काढून तो पाठवणं हाही एक उपाय आहे. त्यात जागा येत नाही, पण फोटो लहान होतो आणि छपाईला चालत नाही.

आम्ही वापरतो ते ‘एक्झिफटूल’ नावाचं फुकट मिळणारं साधन. त्याची आज्ञा अशी:

```
exiftool -all= --icc_profile:all -tagsfromfile @ -orientation photo.jpg
```

पहिला तुकडा सगळं पुसतो, पुढचे दोन काही गोष्टी राखतात. त्या का राखायच्या हे सांगतो, कारण घोळ होतो तो इथंच. मोबाइल उभा धरून काढलेला फोटो फाईलमध्ये बहुधा आडवाच साठवलेला असतो, आणि ‘दाखवताना उभा कर’ अशी सूचना पाठीवर लिहिलेली असते. सगळं सरसकट पुसलं तर तीही जाते आणि गणपतीबाप्पा कुशीवर झोपलेले दिसतात. रंगांची नोंद पुसली तर शेंदरी रंग फिका पडतो. आणि एक खाचखळगा: हे साधन साफ केलेल्या फाईलच्या शेजारी मूळ फाईलही `photo.jpg_original` या नावानं ठेवून देतं. घाईघाईत अख्खं फोल्डर चढवलं तर साफ केलेला फोटोही जातो आणि न केलेलाही. तपासणी नेहमी चढवल्यानंतरच्या फाईलची करायची ती म्हणूनच. दुसऱ्या संगणकावर, लॉगिन न करता, फोटो उतरवून घ्यायचा आणि विचारायचं:

```
exiftool -a -G1 -s photo.jpg
```

उत्तरात GPS ही अक्षरं असलेली एकही ओळ नसली की झालं.

जागेखेरीज आणखी काय उरतं, त्यातल्या दोनच गोष्टी सांगतो. पहिली म्हणजे लहान चित्र. फाईल पटकन दिसावी म्हणून पाठीवरच्या मजकुरात फोटोची अंगठ्याएवढी प्रत ठेवलेली असते. तुम्ही मूळ फोटोतून दारावरची पाटी कापून टाकली, किंवा नातवाचा चेहरा पुसट केला, तरी काही सॉफ्टवेअर ही लहान प्रत बदलायला विसरतात आणि तिच्यात पाटी तशीच राहते. याच जातीची दुसरी भानगड वर्डच्या फाईलमध्ये. लेखात फोटो घालून तिथंच कडेनं कापला, तर कापलेला भाग फक्त झाकलेला असतो. आमच्याकडं वर्डची फाईल आली की त्या फोटोवर क्लिक करून कुणीही झाकण काढू शकतं. कापायचं असेल तर फोटो वर्डमध्ये घालण्यापूर्वी कापा.

दुसरी गोष्ट मोठे कॅमेरे वापरणाऱ्यांसाठी. त्यात पुष्कळदा जागा नसते, म्हणून माणसं निर्धास्त असतात. पण कॅमेऱ्याचा अनुक्रमांक असतो, आणि सेटिंगमध्ये कधी आपलं नाव घातलं असेल तर तेही प्रत्येक फोटोवर उमटतं. या अनुक्रमांकावरून इंटरनेटवरचे फोटो शोधून चोरीचा कॅमेरा हुडकण्याची सोय आहे. तोच धागा उलटाही धरता येतो. टोपणनावानं टाकलेला फोटो आणि खऱ्या नावानं टाकलेला फोटो एकाच कॅमेऱ्याचे आहेत, हे त्यावरून कळतं.

यंदा आम्हाला आलेल्या फोटोंत एक वेगळाच प्रकार दिसला, आणि तो कोणत्याही आज्ञेनं निघत नाही. काही फोटोंच्या खालच्या कडेला काळी पट्टी, त्यावर लहानसा नकाशा, पूर्ण पत्ता, पिनकोड, अक्षांश-रेखांश आणि तारीख. जीपीएस कॅमेऱ्याचं ॲप वापरल्यावर ही पट्टी येते. सरकारी आणि बांधकामाच्या कामांत तिची सवय लागली आहे, कारण तिथं जागेचा पुरावाच हवा असतो. महाराष्ट्रात २०२१ पासून शेतकरी ई-पीक पाहणीच्या ॲपवरून बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढतात, तिथं जागा हाच मुद्दा आहे. गाव आणि गट नंबर खरा हे त्यावरूनच ठरायचं. पण आराशीला तोच कॅमेरा वापरला की पत्ता फोटोच्या अंगावरच छापला जातो. तो पाठीवर नसून चेहऱ्यावर असतो. असे फोटो आम्ही पट्टी कापून घेऊ. पट्टी समईवर किंवा नैवेद्यावर आलेली असेल तर साध्या कॅमेऱ्यानं पुन्हा काढून पाठवा, अशी विनंती करू.

त्याचप्रमाणं चित्रात जे दिसतं त्यालाही साफसफाई लागू होत नाही. खिडकीतून दिसणारी समोरच्या दुकानाची पाटी, कॅलेंडरखाली छापलेला वाण्याचा पत्ता, दाराशी उभ्या गाडीचा नंबर, मुलाच्या गणवेशावरचं शाळेचं नाव. आरास काढताना खिडकीचा पडदा ओढला तर उजेडही बरा येतो, कारण मागून येणाऱ्या उजेडानं मूर्ती काळी पडते.

आरतीचे व्हिडिओ पाठवणार असाल तर त्यांच्याही फाईलमध्ये जागा लिहिलेली असते. आयफोनच्या ‘लाइव्ह’ फोटोत तर फोटो आणि दोन-तीन सेकंदांचा व्हिडिओ अशा दोन फाईली असतात. एक साफ केली तरी दुसरी राहते. तुम्ही लाइव्ह बंद करून काढा, म्हणजे आमचं काम अर्ध्यावर येईल.

शेवटी, देशपांडेआजोबांनी एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून पाठवला आहे: ‘जुन्या फोटोंचे काय? माझ्याकडे १९६२ च्या उत्सवाचा फोटो आहे. त्यात कसली आली जागा?’ आजोबा, मूळ फोटोत अर्थातच नाही. पण तुमचा नातू तो टेबलावर ठेवून मोबाइलनं त्याचा फोटो काढेल, आणि त्या फाईलवर आजची तारीख आणि तुमच्या आजच्या घराचे अक्षांश-रेखांश येतील. स्कॅनरनं काढला तर फक्त स्कॅनरचं नाव आणि स्कॅन केल्याची वेळ येते. म्हणून तुमचा फोटो घेऊन मंडळाच्या खोलीत या. तिथला स्कॅनर चालू आहे, आणि १९६२ साली मूर्तीशेजारी कोण कोण उभं होतं हे तुम्ही सांगाल ते आम्ही लिहून घेऊ.